पाच महिने ज्यांच्या घरी राहिलो, त्या व्हिएतनामी कुटुंबाला आभाराचे पत्र लिहिताना 'मी' कोणता लिहावा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा, मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी. पंगस माशाच्या तळ्यांतील पाण्याच्या अभ्यासासाठी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत व्हिएतनामच्या दक्षिणेस, कँथजवळील फोंग दियेन परिसरात, एका बागायतदार कुटुंबाच्या घरी राहिलो. परतून तीन आठवडे झाले. त्यांना हाताने लिहिलेले पत्र, तेही त्यांच्याच भाषेत, पाठवायचे ठरवले आहे आणि तेथेच अडलो आहे.

घरात पाच माणसे आहेत. यजमान ५२ वर्षांचे असून सारा गाव त्यांना 'चू बा' म्हणतो. त्यांच्या पत्नी 'थीम बा', वय ४९. यजमानांच्या आई ८१ वर्षांच्या आहेत. मुलगी २७ वर्षांची, ती 'ची हाय'. आणि १९ वर्षांचा धाकटा मुलगा, ज्याला सर्व जण 'ऊत' म्हणतात. मी स्वतः २४ वर्षांचा आहे.

जाण्यापूर्वी मी पुण्यात तीन महिने भाषेचा वर्ग केला होता. त्यात 'मी' म्हणजे 'तोय' आणि 'तुम्ही' म्हणजे 'बान' असे शिकवले होते. पत्र हा औपचारिक प्रकार आहे, असे समजून मी संपूर्ण मसुदा 'तोय' वापरून लिहिला आणि तेथील एका सहाध्यायिनीला दूरध्वनीवर वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "व्याकरणाची चूक एकही नाही, पण हे पत्र बँकेने पाठवल्यासारखे वाटते." काय करावे, असे विचारले, तर "घरात बोलायचास तसे लिही" एवढेच सांगून तिने विषय संपवला.

अडचण अशी आहे की घरात मी प्रत्येकाशी वेगळे बोलत असे. काका, काकू आणि आजींशी बोलताना मी 'कॉन', म्हणजे लेकरू. ची हायशी बोलताना मी 'एम', म्हणजे धाकटे भावंड. ऊतशी बोलताना मी 'आन', म्हणजे थोरला भाऊ. एकाच कागदावर पाच जणांना लिहायचे, तर माझे 'मी' तीन होतात. शिवाय आभार किती वेळा मानावेत, हेही कळत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

मेणबत्ती

होमस्टेच्या मालकांना पत्रापेक्षा त्यांच्या पानावर पाच तारे आणि चार ओळींचा अभिप्राय दिलेला अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. आम्ही उत्तर व्हिएतनाममधील 'सा पा' या डोंगराळ गावी दोन रात्री राहिलो होतो, तेव्हा तेथील बाईंनी स्वतःच तशी विनंती केली होती. छायाचित्रेही जोडावीत.

खाडीकाठ

मेणबत्ती, आपला गैरसमज झाला असावा. हे पर्यटकांचे होमस्टे नव्हते, त्यामुळे त्यांचे कोठेही पान नाही. ओळखीतून मिळालेले घर होते. जेवणाखाणाचे म्हणून दरमहा काही रक्कम मी देत असे, पण तीही थीम बा मोजून घेत नसत. दुसऱ्या महिन्यात तर पाकीट तसेच माझ्या खोलीतील टेबलावर परत येऊन पडले होते.

हनोईकर

मी तीन वर्षे हनोईत नोकरी केली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. 'तोय' चुकीचेच आहे, यात शंका नाही. परंतु 'कॉन' हेही योग्य नाही. 'कॉन' हे पोटच्या मुलाने आईवडिलांना म्हणायचे. बाहेरच्या माणसाने स्वतःस 'चाउ', म्हणजे पुतण्या, भाचा किंवा नातू म्हणावे. दुसरे असे की 'चू' म्हणजे वडिलांपेक्षा लहान काका. आदर दाखवायचा असेल, तर समोरचा माणूस वयाने लहान असला, तरी त्याला 'बाक', म्हणजे वडिलांहून मोठे काका, असे संबोधावे. हनोईत शेजारच्या चाळिशीतील गृहस्थांनाही सर्व जण 'बाक' म्हणत. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदरार्थी 'आ' लावावा, म्हणजे पत्रास घरंदाजपणा येतो. पत्रात एक पायरी वर चढवलेले कोणालाही आवडते.

शेवंती

मी चौदा वर्षे सायगावात आहे. कागदावर हो ची मिन्ह शहर असले, तरी येथे बोलताना सायगावच म्हणतात. माझे सासर बेन त्रे येथील, म्हणजे खाडीकाठ यांच्या यजमानांप्रमाणेच मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातले. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

हनोईकरांचे म्हणणे हनोईपुरते बरोबर आहे. उत्तरेकडे 'कॉन' आणि 'चाउ' यांतील रेषा बरीच स्पष्ट असते आणि परक्या वडीलधाऱ्यांसमोर 'चाउ' हेच सभ्य मानले जाते. दक्षिणेत मात्र आईवडिलांच्या वयाच्या कोणत्याही माणसासमोर, अगदी बाजारातील भाजीवालीसमोरही, तरुण मुले स्वतःस 'कॉन' म्हणतात. जो मुलगा पाच महिने 'कॉन' म्हणत होता, त्याने पत्रात अचानक 'चाउ' लिहिले, तर वाचणाऱ्याला आदर वाढल्यासारखे वाटणार नाही, तर मुलगा घराबाहेर जाऊन उभा राहिल्यासारखे वाटेल.

'बाक' विषयीही तेच. उत्तरेत बिनओळखीच्या माणसाला एक पायरी वर चढवणे ही रीत आहे, हे मान्य. पण येथे ओळख आहे आणि नातेही ठरलेले आहे. खाडीकाठ, तुमचे वडील किती वर्षांचे आहेत? ते जर यजमानांपेक्षा मोठे असतील, तर 'चू' अगदी योग्य आहे, आणि पहिल्याच दिवशी घरातल्यांनी तुम्हांला तुमच्या वडिलांचे वय विचारले असेल, ते याचसाठी. तेव्हा जे ठरले, ते पत्रात बदलू नये. आपल्याकडे ज्यांना काकू म्हणत राहिलो, त्यांना पत्रात 'माननीय महोदया' लिहिले, तर त्या काय म्हणतील?

आता तीन 'मी'. यावर तेथील लोक काय करतात, ते सांगते. पत्र घरातील वडीलधाऱ्यांना लिहितात आणि त्यात आरंभापासून अखेरपर्यंत एकच 'मी' ठेवतात. तुमच्या बाबतीत तो 'कॉन'. बरोबरीच्या आणि धाकट्या माणसांचा उल्लेख तृतीय पुरुषात येतो: "ची हायने मला बाजारातील भाव शिकवले", "एम ऊतने गाडीचे चाक दुरुस्त केले". त्यांना आपल्या नावाने स्वतंत्र काही हवे असेल, तर त्याच पाकिटात दोन लहान चिठ्ठ्या ठेवाव्यात; एकीत तुम्ही 'एम', दुसरीत 'आन'. मोठ्या पत्रात मध्येच ऊतकडे वळून "मी, तुझा थोरला भाऊ" असे लिहिले, तर वाचणाऱ्याची जीभ अडखळते.

आणि जीभ अडखळते, हे मी शब्दशः म्हणते आहे. ८१ वर्षांच्या आजी पत्र स्वतः वाचणार नाहीत. संध्याकाळी जेवणानंतर ओसरीवर सर्वांसमोर ते मोठ्याने वाचले जाईल, आणि बहुधा ची हायच वाचेल. तिच्या तोंडून आईवडिलांपुढे आणि आजीपुढे 'कॉन' हा शब्द निघेल, तो तिचा रोजचाच शब्द आहे. तिला 'तोय' वाचावे लागले असते, तर पहिल्याच ओळीत सगळे हसले असते.

खाडीकाठ

वडील ५८ वर्षांचे आहेत. आणि हो, पहिल्या दिवशी चहाबरोबर विचारलेला पहिला प्रश्न तोच होता! मला ती चौकशी वाटली होती.

ओसरीवरच्या वाचनाची कल्पना मात्र मुळीच केली नव्हती. एक उपप्रश्न विचारतो. 'बा' म्हणजे तीन, म्हणजे यजमान हे आजींचे तिसरे अपत्य, असे मी समजत होतो आणि मसुद्यात "आपल्या तिन्ही भावंडांना नमस्कार" अशा अर्थाचे काहीतरी लिहिले आहे. ते ठीक आहे ना?

शेवंती

नाही, ते वाक्य काढा. दक्षिणेत थोरल्या अपत्याला 'एक' म्हणतच नाहीत. मोजणी 'हाय', म्हणजे दोनपासून सुरू होते. याची कारणे तीन माणसांना विचारली, तर चार ऐकायला मिळतात, म्हणून त्यात शिरत नाही. चू बा हे दुसरे अपत्य. म्हणूनच त्यांची थोरली मुलगी 'ची हाय' आहे. तिच्या आधी कोणी होते, असा त्याचा अर्थ नव्हे. थीम बा यांचा 'बा' हा त्यांचा स्वतःचा नसून नवऱ्याचा क्रमांक आहे, माहेरी त्या सातव्या किंवा आठव्याही असू शकतील.

अनुस्वार

मला व्हिएतनामी भाषा येत नाही, परंतु पत्रलेखनाची आवड आहे म्हणून विचारतो. आपल्याकडे 'तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष' असा मायना असे आणि शेवटी 'लहानांस आशीर्वाद' लिहून 'कळावे, लोभ असावा' अशी सांगता असे. हाच साचा भाषांतरित करून वापरता येणार नाही का? नमस्काराची कल्पना तर त्यांच्याकडेही असणारच.

शेवंती

अनुस्वार, साचा जवळचा आहे, पण शब्द तेच नेता येणार नाहीत. साष्टांग नमस्कार कागदावर उतरवला, तर त्यांना वेदीपुढील पूजेची आठवण होईल. त्यांचा मायना लहान असतो: संबोधन आणि त्यापुढे 'किन मेन', म्हणजे आदर आणि जिव्हाळा एकत्र. "चू बा, थीम बा किन मेन" एवढे पुरे. आजींचे नाव मात्र त्याहून वर, पहिल्या ओळीत यायला हवे. नात्यात ज्या सर्वांत वडील, त्यांना आधी हाक मारायची, ही घरातील रीत पत्रातही पाळतात.

आजींना तुम्ही काय म्हणत होता? घरातील मुले वडिलांच्या आईला 'बा नोय' म्हणतात, दक्षिणेत नुसते 'नोय' सुद्धा. तुम्हीही तेच म्हणत असाल, तर तेच लिहा.

तुमच्या 'कळावे, लोभ असावा' च्या जागी मात्र त्यांच्याकडे एक फार गोड रूढी आहे. निरोपाच्या पत्रात, "माझ्या हातून काही उणे-अधिक झाले असल्यास आपण सोडून द्यावे", अशी ओळ येतेच. 'बॉ क्वा' हे त्यातील क्रियापद आहे. शब्दशः पाहिले, तर 'टाकून पुढे जाणे'. आपले 'पोटात घाला' त्याच्या सर्वांत जवळचे.

खाडीकाठ

'नोय'च म्हणत होतो.

'पोटात घाला' वरून आठवले, ते येथे सांगतोच, कारण पत्रात लिहावे की नाही, याचा निर्णय होत नाही. ऑगस्टमध्ये मला ताप आला. आजी हिरव्या औषधी तेलाची कुपी आणि एक नाणे घेऊन आल्या, मला पालथे झोपवले आणि पाठीला तेल लावून नाण्याच्या कडेने वरून खाली घासू लागल्या. याला तेथे वारा खरवडून काढणे म्हणतात. मला काही कल्पना नव्हती. चौथ्या-पाचव्या ओढीला मी ओरडून उठलो आणि, लाज वाटते सांगायला, त्यांचा हात झटकला. त्या काही बोलल्या नाहीत. पाठीवर दोन्ही बाजूंना लाल पट्टे उठले होते, ते चार दिवस राहिले. तासाभराने थीम बा कांद्याची पात घातलेली तांदळाची पेज घेऊन आल्या. आमच्याकडे तापात देतात, तशीच. ती पेज मी खाल्ली, पण आजींची क्षमा त्या वेळी मागितली नाही आणि नंतर तो विषयच निघाला नाही.

शेवंती

हेच लिहा. इतर काही वगळले, तरी चालेल, पण हे वगळू नका. फक्त लांबवू नका, दोन वाक्ये पुरेत.

आभार किती वेळा मानावेत, असे तुम्ही विचारले होते, त्याचे उत्तरही यातच आहे. 'काम अन' म्हणजे धन्यवाद. घरातल्या माणसांत तो शब्द वारंवार वापरला, तर ऐकणारा म्हणतो, "खाच साव करू नकोस", म्हणजे पाहुण्यासारखा वागू नकोस. माझ्या सासूबाईंना लग्नानंतर पहिले सहा महिने मी प्रत्येक ताटानंतर धन्यवाद म्हणत असे. त्या एकदा माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिला आपले जेवण आवडत नाही का?" पत्रात हा शब्द एकदा आरंभी यावा आणि एकदा शेवटी. मधल्या जागेत त्यांनी काय केले, ते नेमके लिहावे. पेज आणली, मच्छरदाणीचे टोक गादीखाली खोचले, पावसात दुचाकीवरून न्यायला आले. त्यांच्या कानांना तेच आभार वाटतात.

हनोईकर

येथे मी असहमत आहे. बोलताना आभार कमी मानतात, हे खरे, परंतु लेखी आभार हा वेगळा प्रकार आहे. माझ्या कार्यालयातील व्हिएतनामी सहकाऱ्यांची पत्रे "मनापासून आभार", "अत्यंत आभारी आहे" अशा शब्दांनी भरलेली असत. परदेशी माणसाने हात आखडला, तर तो उद्धट ठरू शकतो.

शेवंती

कार्यालयीन पत्रे तशीच असतात, मान्य. हे कार्यालयाचे पत्र नाही, एवढेच म्हणेन. दोनऐवजी तीनदा आले, म्हणून कोणी रागावणार नाही, हेही खरे.

तेलविहीर

मी व्हुंग ताउ येथे तेलक्षेत्रात काम करत असताना एका वृद्ध बाईंच्या घरी वरच्या खोलीत अकरा महिने भाड्याने राहत होतो. क्रमांकानुसार त्या 'मा नम' होत्या. दक्षिणेत आईला 'मा' म्हणतात. निघताना मी चिठ्ठी लिहिली. भ्रमणध्वनीवर सर्व जण खुणा न देता लिहितात, म्हणून मीही अक्षरांवरील खुणा न देता "प्रिय मा नम" असे लिहिले. 'मा' च्या स्वरावर उजवीकडे चढणारी तिरकी रेघ असेल, तर ती आई. रेघ नसेल, तर भूत. बाईंनी मुलाकडून चिठ्ठी दोनदा वाचवून घेतली, खूप हसल्या, मग लाल पेन मागवले आणि माझ्यासमोरच ती रेघ स्वतःच्या हाताने ओढली. चिठ्ठी अजून त्यांच्याच कपाटाच्या काचेला आतून चिकटवलेली आहे, असे ऐकतो.

तेव्हा खुणा तपासा, एवढेच सांगणे.

मेणबत्ती

मी प्रश्न चुकीचा समजले, क्षमा असावी. भेटवस्तू देणार असाल, तर मात्र विचारते: पत्रात तिचा उल्लेख करावा का? मला वाटते, "हे तुम्हांला देत आहे" असे साधे लिहावे.

शेवंती

मेणबत्ती, तुम्ही नकळत नेमक्या खड्ड्यापाशी आणून सोडले आहे. 'देणे' यासाठी त्यांच्याकडे किमान तीन शब्द आहेत आणि ते उतरंडीने चालतात. मोठ्याने लहानाला दिले, तर 'चॉ'. बरोबरीच्या माणसाला भेट दिली, तर 'तांग'. लहानाने मोठ्याला दिले, तर 'बियू'. वर्गात बहुधा फक्त 'चॉ' शिकवतात, कारण तोच शब्द 'साठी' या अर्थानेही येतो. "नोयसाठी आणले" या अर्थाने 'चॉ' चालतो. पण "मी नोयना देतो" यासाठी 'चॉ' लिहिला, तर आजींना खाऊ वाटल्यासारखे होते. काही पाठवत असाल, तर 'कॉन बियू नोय' असे लिहावे. ऊतसाठी मात्र 'चॉ'च हवा.

खाडीकाठ

काजू आणि आमसुले पाठवणार आहे. तेथे आंबट रश्शात चिंच घालतात; आमसुलांचे काय करतील, ते त्यांनीच ठरवावे.

आपणा सर्वांचे ऐकून मसुदा नव्याने लिहिला. त्याचा आशय येथे मराठीत देतो. नाती आणि सर्वनामे मात्र मूळची ठेवली आहेत.

"नोय, चू बा आणि थीम बा, किन मेन. कॉन घरी सुखरूप पोहोचला आहे. पाच महिने आपण कॉनला घरातल्या लेकरासारखे ठेवले, त्याबद्दल कॉन आपले आभार मानतो. येथे आता थंडी पडू लागली आहे, डास कमी आहेत, तरी झोपताना कॉनचा हात मच्छरदाणीचे टोक शोधतो, कारण तेथे रोज रात्री नोय येऊन ते खोचून जात. आमच्या गावी हादग्याच्या फुलांची भाजी करतात, असे कॉन एकदा सहज म्हणाला होता. दुसऱ्या आठवड्यात थीम बांनी तीच फुले घालून माशाचा आंबट रस्सा केला आणि कॉनच्या वाडग्यात फुलेच जास्त वाढली. चू बा पावसात तळ्यापर्यंत न्यायला आले, ते कॉन विसरणार नाही. ची हायने कॉनला बाजारात फसू दिले नाही, आणि एम ऊतने दोनदा चाक काढून दिले. ऑगस्टमध्ये कॉन आजारी असताना नोयचा हात कॉनने झटकला. त्या हाताने कॉनला बरे केले, हे कॉनला नंतर समजले. तेव्हाचे आणि इतर जे काही उणे-अधिक झाले असेल, ते नोय, चू आणि थीम यांनी सोडून द्यावे. नोयना शंभर वर्षे लाभोत. कॉनला सर्वांची आठवण येते."

दोन शंका आहेत. शेवटच्या ओळीतील 'आठवण येते' आणि पाकिटावरचा पत्ता.

अनुस्वार

'हात मच्छरदाणीचे टोक शोधतो' हे वाक्य फार चांगले उतरले आहे. मराठीत पत्र लिहिले असतेत, तर कदाचित हे सुचले नसते.

शेवंती

मसुदा मला आवडला. 'येथे आता थंडी' ही ओळ पहिल्या आभारानंतर येते, तेही बरोबर. त्यांच्या पत्रांतही आधी ख्यालीखुशाली येते आणि मग मुख्य विषय.

'आठवण येते' साठी 'न्यऽ' हे क्रियापद आहे. मराठीप्रमाणेच त्याचे दोन्ही अर्थ आहेत, स्मरण असणे आणि कोणी जवळ नाही म्हणून मन लागत नसणे. त्यावर चढती रेघच द्या. उतरती रेघ दिली, तर त्याचा अर्थ 'एखाद्याला काम सांगणे' असा होतो आणि "कॉन सर्वांना कामाला लावतो" असे वाक्य तयार होते.

तुम्ही भाषा घरात, कानाने शिकलात, म्हणून आणखी एक ठिकाण तपासा. प्रश्नचिन्हासारखी आकडी आणि नागमोडी रेघ, या दोन खुणांचे उच्चार दक्षिणेत एकच होतात. 'ङी' वर नागमोडी रेघ असेल, तर विचार करणे, आकडी असेल, तर विश्रांती घेणे. "कॉन तुमचा विचार करतो" असे कोठे लिहिले असेल, तर डोळ्यांनी तपासा, कान येथे उपयोगी पडणार नाही. ही चूक माझे सासरेही करतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

पत्त्याचे मात्र लक्ष द्या. १ जुलै २०२५ पासून तेथे जिल्ह्याची मधली पातळीच रद्द झाली, आणि कँथ शहरात शेजारचे दोन प्रांतही मिळवले गेले. तुमच्या अर्जावरील पत्ता त्याआधीचा असेल, तर ची हायकडून नवा मागवा. पाकिटावर 'चू बा' लिहू नका. त्या भागात चू बा शेकड्यांनी आहेत. तेथे पूर्ण नाव, आडनाव आधी, आणि दूरध्वनी क्रमांक लिहा, कारण पत्रवाटप करणारा माणूस बहुतेक वेळा आधी फोन करतो. नात्याची नावे पाकिटाच्या आत.

हनोईकर

मसुदा चांगला आहे, हे मान्य करतो. वाक्यांच्या शेवटी 'आ' नाही, हे मला अजूनही खटकते.

शेवंती

तो उत्तरेचा अलंकार आहे. दक्षिणेत आदराचा शब्द वाक्याच्या आरंभी येतो, 'या', आणि तोही बोलण्यात. पत्रात घालावा की नाही, यावर माझ्या घरातच दोन मते आहेत: नवरा म्हणतो नको, नणंद म्हणते एकदा असावा.

तेलविहीर

मी नणंदेच्या बाजूने.

खाडीकाठ

एकदाच घातला आहे, क्षमेच्या वाक्यापूर्वी. पत्ता ची हायकडून आला, त्यात जिल्हा खरोखरच नव्हता. काल रात्री रेघांच्या कागदावर निळ्या शाईने पक्के पत्र लिहून काढले. शेवंती, आपल्याला त्याचे छायाचित्र व्यक्तिगत निरोपातून पाठवले आहे. वेळ होईल, तेव्हा एकदा नजर टाकावी, म्हणजे उद्या टपालात टाकतो.

शेवंती

पाहिले. अक्षर सुरेख आहे, आणि नागमोडी रेघ व आकडी दोन्ही जागच्या जागी आहेत. फक्त तिसऱ्या ओळीत 'नोय' च्या स्वराखालचे टिंब राहिले आहे. ते नसेल, तर त्या शब्दाचा अर्थ पाळणा असा होतो, आणि सध्या तेथे "रोज रात्री पाळणा येऊन मच्छरदाणी खोचून जात असे" असे वाचले जाते. टिंब त्याच शाईने द्या.